क्लेम रिजेक्ट झाला? विमा कंपनीला तक्रारीचा मेल कसा लिहायचा. महाडच्या पुरातल्या दुकानाच्या उदाहरणासह

महाड / पोलादपूर : २२ जुलै २०२१ ची रात्र महाडकर विसरलेले नाहीत. महाबळेश्वरच्या डोंगरात त्या २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. सावित्री तिथूनच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. महाडला तिला गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी मिळते. रात्रीतून बाजारपेठेत पाणी शिरले, दुकानांची शटरे बुडाली, वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले. त्याच दिवशी तळियेत आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, सुतारवाडीत दरडी कोसळल्या.

पाणी ओसरल्यावर चिखल काढताना ज्यांच्याकडे विमा होता त्यांना एवढाच आधार वाटत होता. पण विमा असणे आणि पैसे हातात येणे यात अंतर असते. ‘आपला दावा मान्य करता येत नाही’ असे पत्र आले की बहुतेक जण एजंटला चार फोन करतात, शाखेत जाऊन वाद घालतात आणि शेवटी सोडून देतात. फोनवर बोललेल्याची नोंद कुठेच राहत नाही. लेखी मेलची राहते. पुढे विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोगाकडे जायचे झाले तर पहिला प्रश्न हाच येतो, की कंपनीकडे लेखी तक्रार केली होती का आणि कोणत्या तारखेला.

हा मेल कसा लिहायचा ते एका दुकानाच्या उदाहरणातून पाहू. पुराची तारीख आणि परिस्थिती खरी आहे. दुकानदार, पॉलिसी आणि रकमा नमुन्यासाठी घेतल्या आहेत.

आधी रिजेक्शनचे पत्र नीट वाचा

मेल लिहायला बसण्याआधी कंपनीचे पत्र दोनदा वाचावे. त्यात दोन गोष्टी शोधायच्या : क्लेम कोणत्या कारणाने नाकारला आणि त्यासाठी पॉलिसीतल्या कोणत्या अटीचा आधार दिला. पत्र इंग्रजीत असेल तर गावातल्या कॉलेजच्या मुलाकडून किंवा शिक्षकांकडून कारणाचा परिच्छेद शब्दन् शब्द समजून घ्यावा.

एजंटने फक्त तोंडी ‘रिजेक्ट झालाय’ म्हटले असेल, तर आधी एक ओळीचा मेल पाठवून लेखी कारण मागावे. याला महत्त्व आहे, कारण कंपनीने पत्रात जे कारण लिहिले त्याला ती बांधली जाते. पत्रात उशिराचा उल्लेख नसताना नंतर कोर्टात ‘शिवाय कळवायलाही उशीर झाला’ असे कंपनीला म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सांगितले आहे. म्हणून मेलमध्येही पत्रातल्या कारणांनाच उत्तर द्यायचे. पुरात काय हाल झाले, किती वर्षे हप्ता भरला, कंपनी कशी फसवते, हे सगळे लिहून मेल लांबवला की मूळ मुद्दा बाजूला पडतो.

उदाहरण : किराणा दुकान, दोन कारणांनी नाकारलेला क्लेम

महाडच्या बाजारपेठेत एक किराणा दुकान आहे. बँकेचे कॅश क्रेडिट कर्ज आहे. बँकेमार्फतच मालाची आग आणि पुरासह पॉलिसी काढलेली होती, विमा रक्कम ७ लाख रुपये. पुरात दुकान छतापर्यंत बुडाले. मालकाचा मोबाईल भिजला, पॉलिसीचा कागद चिखलात गेला. बँकेतून पॉलिसीची प्रत मिळाली तेव्हा कुठे कंपनीचा नंबर सापडला, आणि २ ऑगस्टला कंपनीला कळवले. तोवर तांदूळ, डाळी, पीठ कुजून वास सुटला होता. साथीच्या भीतीने तो माल नगरपालिकेच्या गाडीत टाकावा लागला होता. ६ ऑगस्टला सर्व्हेअर आला तेव्हा दुकानात पुसलेले रॅक आणि थोडा माल एवढेच दिसले.

ऑक्टोबरच्या शेवटी पत्र आले. कारणे दोन : पहिले, नुकसान ११ दिवस उशिरा कळवले, ‘ताबडतोब’ कळवण्याची अट मोडली. दुसरे, नुकसान झालेला माल पाहणीसाठी उपलब्ध नव्हता, त्यामुळे किती माल होता ते सिद्ध होत नाही.

दोन्ही कारणे महाडच्या माणसाला चीड आणणारी आहेत. पण मेलमध्ये चिडून काही मिळत नाही. पहिल्या कारणाला तारखांनी उत्तर द्यायचे आणि दुसऱ्याला हिशेबाने.

पहिले कारण : उशीर

आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत नुकसान झाल्यावर ताबडतोब कळवा आणि १५ दिवसांत लेखी दावा द्या, अशी अट असते. ‘ताबडतोब’ म्हणजे किती तास, हे लिहिलेले नसते. परिस्थितीनुसार जितक्या लवकर शक्य होते तितक्या लवकर, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो.

विमा नियामक म्हणजे आयआरडीएआयने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सर्व कंपन्यांना लिहिले होते, की उशिराची अट एकटी धरून यांत्रिकपणे क्लेम नाकारू नका. उशीर टाळता येण्यासारखा नव्हता का ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१७ रोजी ओम प्रकाश प्रकरणात हेच तत्त्व मांडले. ते प्रकरण ट्रकच्या चोरीचे होते. मालकाने कंपनीला आठ दिवस उशिरा कळवले, पण कंपनीच्याच तपासात चोरी खरी निघाली होती. उशिराचे पटण्यासारखे कारण दिले असेल तर फक्त उशिरावर बोट ठेवून खरा क्लेम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

याचा अर्थ उशीर कायम माफ होतो असा नाही. तीन महिने काहीच न कळवता बसलेल्याला हे उत्तर उपयोगी पडत नाही. उशिराचा प्रत्येक दिवस कशात गेला हे सांगता आले पाहिजे. म्हणून मेलमध्ये ‘पुरामुळे उशीर झाला’ एवढेच न लिहिता तारीखवार लिहावे : कोणत्या दिवशी पाणी होते, वीज आणि नेटवर्क कधी आले, बँक कधी उघडली, पॉलिसीची प्रत कोणत्या दिवशी मिळाली. बँकेतून प्रत मिळाल्याचा मेल किंवा शिक्का असेल तर तो सगळ्यात भक्कम पुरावा, कारण तो तिसऱ्याकडून आलेला असतो.

उशिरामुळे कंपनीचे काय बिघडले, हेही विचारावे. महाडला पूर आला होता की नव्हता हे शोधायला तपासाची गरजच नव्हती. तलाठ्याचा पंचनामा, तहसील कार्यालयातली नोंद आणि वर्तमानपत्रे यात सगळे आहे. सरकारी मदतीसाठी झालेल्या पंचनाम्याची प्रत तलाठी किंवा तहसील कार्यालयातून मिळते. ती मेलला जोडावी. मात्र पंचनाम्यातली रक्कम ही विम्याच्या नुकसानीची रक्कम नसते. पाणी दुकानात आले होते आणि माल भिजला होता, एवढे सिद्ध करायला तो वापरायचा.

दुसरे कारण : माल किती होता?

माल समोर नसला तरी किती होता ते वहीवरून काढता येते. सर्व्हेअरही हाच हिशेब करतात :

१ एप्रिल २०२१ चा शिल्लक माल : ६,४०,००० रुपये
१ एप्रिल ते २२ जुलै खरेदी : ९,१०,००० रुपये
याच काळातली विक्री १०,८०,००० रुपये. त्यातून १५ टक्के नफा वजा केल्यावर विकलेल्या मालाची खरेदी किंमत : ९,१८,००० रुपये

शिल्लक आणि खरेदी मिळून १५,५०,००० झाले. त्यातून ९,१८,००० वजा केले की पुराच्या दिवशी दुकानात ६,३२,००० रुपयांचा माल होता. त्यातला ७२,००० रुपयांचा बंद डब्यांतला माल चांगला राहिला. म्हणजे नुकसान ५,६०,००० रुपये. भिजलेले साबण आणि प्लास्टिक सामान २०,००० रुपयांना विकले गेले. विम्याच्या भाषेत हे सॅल्व्हेज. ते वजा करून ५,४०,००० राहतात. पॉलिसीत प्रत्येक क्लेममागे काही वाटा ग्राहकाने सोसायचा असतो, त्याला एक्सेस म्हणतात. या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये तो ५ टक्के आहे असे धरले तर २७,००० वजा होतात आणि मागायची रक्कम ५,१३,००० रुपये ठरते.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, विक्रीचा आकडा तसाच वजा करणे. विक्रीत नफा मिसळलेला असतो, तो न काढता वजाबाकी केली तर शिल्लक माल खूप कमी दिसतो आणि नुकसान दुकानदाराच्याच अंगावर येते. दुसरी, पूर्ण विमा रक्कम मागणे. ७ लाखांचा विमा आहे म्हणून ७ लाख मागितले की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय घेतला जातो. विमा रक्कम ही वरची मर्यादा आहे. मिळायचे ते प्रत्यक्ष नुकसान.

वह्या भिजल्या असतील तर घाऊक व्यापाऱ्यांकडून बिलांच्या दुसऱ्या प्रती मिळतात. त्यांनी जीएसटी भरताना दाखवलेली विक्री दुकानदाराला जीएसटी पोर्टलवर खरेदी म्हणून दिसते. आणि कॅश क्रेडिट कर्ज असेल तर बँकेला दर महिन्याला दिलेले स्टॉक स्टेटमेंट असते. या उदाहरणात ३० जूनचे स्टेटमेंट ६,४५,००० रुपयांचे आहे. पुराच्या तीन आठवडे आधी, क्लेमचा प्रश्नही नसताना दिलेला हा आकडा हिशेबातल्या ६,३२,००० शी जुळतो. दुसऱ्या कारणाला याच्यापेक्षा चांगले उत्तर नाही.

उलटही होते. काही जण बँकेला स्टॉक फुगवून दाखवतात आणि आयकरात कमी दाखवतात. असे असेल तर दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात आणि कोणताच मेल क्लेम वाचवू शकत नाही. जोडण्याआधी सगळे कागद एकमेकांशी ताडून पाहावेत.

मेलचा नमुना

मेल मराठीत लिहिला तरी चालतो. वाक्ये छोटी ठेवावीत. विषयाच्या ओळीतच पॉलिसी आणि क्लेम नंबर द्यावा, म्हणजे मेल योग्य टेबलावर जातो.

*विषय : क्लेम नाकारल्याबाबत तक्रार – पॉलिसी क्र. ______, क्लेम क्र. ______, नुकसानीची तारीख २२ जुलै २०२१*

*प्रति, तक्रार निवारण अधिकारी,*

*महोदय,*

*आपल्या २५ ऑक्टोबर २०२१ च्या पत्राने (मला मिळाले २९ ऑक्टोबर) माझा क्लेम नाकारला आहे. तो निर्णय मला मान्य नाही. फेरविचार व्हावा यासाठी ही तक्रार करत आहे.*

*१. पॉलिसी : विमाधारकाचे नाव ______. पॉलिसीचा काळ १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२. विमा घेतलेली जागा : ______, महाड, जि. रायगड. मालाची विमा रक्कम ७,००,००० रुपये. हप्ता मुदतीत भरलेला आहे. पुराचे संरक्षण शेड्यूलमध्ये समाविष्ट आहे.*

*२. घटनाक्रम :*
*२२ जुलै रात्री – दुकानात पुराचे पाणी शिरले.*
*२३ जुलै – दुकान पाण्याखाली. वीज व मोबाईल नेटवर्क बंद.*
*२४ ते २७ जुलै – पाणी ओसरले, चिखल काढला. नासलेला माल नगरपालिकेच्या गाडीत दिला. त्याआधी घेतलेले फोटो सोबत आहेत.*
*२९ जुलै – तलाठ्यांनी पंचनामा केला.*
*२ ऑगस्ट – बँकेतून पॉलिसीची प्रत मिळाली. त्याच दिवशी कंपनीला कळवले.*
*६ ऑगस्ट – सर्व्हेअरची पाहणी. क्लेम फॉर्म दिला.*
*२० ऑगस्ट – मागितलेली सर्व कागदपत्रे मेलने पाठवली.*

*३. पहिल्या कारणाला उत्तर (११ दिवसांचा उशीर) : माझ्याकडची पॉलिसी आणि फोन पुरात गेले. प्रत मिळाली त्याच दिवशी मी कळवले. उशीर माझ्या हातातला नव्हता. महाडला पूर आला आणि दुकानात पाणी गेले हे पंचनाम्यात आहे. उशिरामुळे कंपनीच्या तपासात कोणती अडचण आली हे पत्रात सांगितलेले नाही. आयआरडीएआयचे २० सप्टेंबर २०११ चे परिपत्रक आणि सर्वोच्च न्यायालयाचा ४ ऑक्टोबर २०१७ चा ओम प्रकाश निकाल पाहावा.*

*४. दुसऱ्या कारणाला उत्तर (माल उपलब्ध नव्हता) : धान्य कुजल्याने ठेवणे धोक्याचे होते. माल किती होता ते खरेदी बिले, विक्री नोंदी आणि बँकेला दिलेल्या ३० जूनच्या स्टॉक स्टेटमेंटवरून दिसते. हिशेब सोबत जोडला आहे. एकूण माल ६,३२,०००, वाचलेला ७२,०००, सॅल्व्हेज २०,०००, एक्सेस २७,०००, देय रक्कम ५,१३,००० रुपये.*

*५. माझी मागणी :*
*(अ) नकार मागे घेऊन ५,१३,००० रुपये मंजूर करावेत. बँकेचे कर्ज असल्याने रक्कम पॉलिसीच्या अटीनुसार कर्ज खात्यात जमा करावी.*
*(आ) उशिराबद्दल नियमानुसार व्याज द्यावे.*
*(इ) सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्यावी.*
*(ई) मागणी मान्य नसेल तर प्रत्येक मुद्द्यावर लेखी कारण द्यावे.*

*ही तक्रार मिळाल्याची पोच आणि तक्रार क्रमांक द्यावा. १४ दिवसांत निर्णय कळवावा. त्यानंतर मी विमा लोकपालांकडे जाण्याचा माझा हक्क वापरेन.*

*नाव, पत्ता, मोबाईल*
*दिनांक : ८ नोव्हेंबर २०२१*
*सोबत : जोडपत्रे १ ते ८*

या मेलमध्ये मागणी चार तुकड्यांत दिली आहे, त्यामागे हेतू आहे. ‘न्याय द्यावा’ असे लिहिले तर त्यावर कंपनीचे उत्तर ‘आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे’ एवढेच येते. रक्कम, व्याज, अहवाल आणि लेखी कारणे अशी स्वतंत्र मागणी केली की एखादी टाळली तर ती टाळल्याचे कागदावर दिसते. यातली सर्व्हेअरच्या अहवालाची मागणी कधीच सोडू नये. अनेकदा सर्व्हेअरने नुकसान मोजलेले असते आणि नकार कार्यालयातून आलेला असतो. तसे असेल तर कंपनीच्याच माणसाचा आकडा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो.

कुठे आणि कसा पाठवायचा

मेल एजंटला किंवा शाखेलाच पाठवून थांबू नये. प्रत्येक विमा कंपनीच्या वेबसाइटवर आणि पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल असतो. तिथे पाठवावा, शाखेला आणि कर्ज असेल तर बँकेला प्रत द्यावी. पॉलिसीत नोंदवलेल्या स्वतःच्या मेलवरूनच पाठवावा. मुलाच्या किंवा दुकानातल्या पोराच्या मेलवरून पाठवला तर कंपनी ‘ग्राहकाची ओळख पटत नाही’ म्हणून अडवू शकते.

जोडपत्रांना नावे द्यावीत : ‘१ रिजेक्शन पत्र’, ‘२ पॉलिसी शेड्यूल’, ‘३ पंचनामा’ अशी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले फोटो देऊ नयेत. त्यात फोटो काढल्याची तारीख आणि वेळ राहत नाही. मूळ फोनमधला फोटो द्यावा. फायली जड झाल्या तर दोन मेल करावेत आणि विषयात ‘भाग १’, ‘भाग २’ लिहावे. पाठवलेला मेल आणि आलेली पोच यांची प्रिंट काढून ठेवावी. नेटवर्कची खात्री नसलेल्या गावात स्पीड पोस्टानेही एक प्रत टाकलेली बरी.

मेल गेल्यावर ‘क्लेम मंजूर झाला, प्रोसेसिंग फी भरा’ किंवा ‘ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा. क्लेम देण्यासाठी कोणतीही कंपनी आधी पैसे मागत नाही.

उत्तर आले नाही तर

कंपनीने तक्रार दोन आठवड्यांत निकाली काढायची असते. नाही काढली तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर (bimabharosa.irdai.gov.in) तीच तक्रार नोंदवता येते. फोन करायचा असेल तर टोल फ्री क्रमांक १५५२५५ किंवा १८००४२५४७३२ आहे. हे पोर्टल कंपनीला उत्तर द्यायला लावते. रक्कम किती द्यायची हा निर्णय मात्र ते देत नाही.

तो निर्णय विमा लोकपाल देतात. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा मेल पाठवून एक महिना झाला तरी उत्तर नाही, किंवा उत्तर समाधानकारक नाही, तर एक वर्षाच्या आत त्यांच्याकडे अर्ज करायचा. वरच्या उदाहरणात मेल ८ नोव्हेंबरचा आहे, तर ८ डिसेंबरनंतर दार उघडते. लोकपालांकडे फी नाही आणि वकील लागत नाही. वैयक्तिक पॉलिसी, एकट्या मालकाचे दुकान आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी ते घेतात. सध्या ५० लाख रुपयांपर्यंतचे प्रकरण त्यांच्याकडे जाते. अर्ज cioins.co.in वर ऑनलाइन करता येतो; कोणत्या कार्यालयाकडे जायचे तेही तिथे आणि पॉलिसीच्या कागदात दिलेले असते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकाला तो पटला नाही तर त्याचा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे. पण आगीच्या जुन्या पॉलिसीत आणखी एक अट असते : कंपनीने नकार दिल्यापासून १२ महिन्यांत दावा दाखल केला नाही तर क्लेम सोडून दिला असे धरले जाईल. या अटीवर वाद घालत बसण्यापेक्षा वर्षाच्या आतच पुढचे पाऊल टाकलेले बरे. एकाच वेळी लोकपाल आणि आयोग दोन्हीकडे जाता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

अर्धी रक्कम देऊ करताना कंपनी कधी कधी ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागते. ती केली तर बाकीच्या रकमेसाठी भांडणे अवघड होते. कमी रक्कम मान्य नसेल तर सही करण्याआधीच मेलने तसे कळवावे.

कुठे मेलने काम होत नाही

काही नकार बरोबरच असतात. हप्ता न भरल्याने पॉलिसी बंद होती, पुराचे संरक्षण शेड्यूलमध्ये नव्हतेच, किंवा माल पॉलिसीत लिहिलेल्या जागेत नव्हता, तर कितीही चांगला मेल लिहून उपयोग नाही. यातले शेवटचे आपल्या भागात जास्त घडते. दुकानाचा विमा असतो आणि माल मागच्या गल्लीतल्या गोदामात ठेवलेला असतो. पोलादपूरकडच्या वाड्यांवर घराचा पत्ता फक्त ‘मु. पो.’ एवढाच लिहिलेला असतो, त्यामुळे नेमके कोणते घर यावरून अडते.

पॉलिसीची मुदत संपून नवी काढताना शेड्यूलमधला जागेचा पत्ता, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा घर क्रमांक आणि गोदामाची नोंद तपासून घ्यावी. शेड्यूलचा फोटो स्वतःच्या आणि गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनमध्ये ठेवावा. वरच्या उदाहरणातले ११ दिवस पॉलिसीची प्रत हाती नव्हती म्हणूनच गेले होते.